घडीची चपाती आणि कागदाच्या पट्ट्या : अर्धा, पाव आणि आठवा भाग यांची तुलना

इयत्ता : तिसरी व चौथी (एकत्र वर्ग)
विषय : गणित, अपूर्णांकांची ओळख
वेळ : सलग दोन तासिका, शक्यतो मधल्या सुट्टीच्या लगेच आधी
विद्यार्थी : १६, चार-चार जणांचे चार गट

हा उपक्रम गुहागर तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या वाड्यांमधून येणाऱ्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. या मुलांनी घरी तव्यावरून उतरलेल्या घावनाची चौपदरी घडी रोज पाहिलेली असते आणि बाजारात पाव किलो, अर्धा किलो हे शब्द ऐकलेले असतात. त्यामुळे अर्धा आणि पाव त्यांना नवे नाहीत. एकाच वस्तूचे जितके जास्त समान भाग करावेत तितका प्रत्येक भाग लहान होत जातो, ही गोष्ट मात्र त्यांच्या बोलण्यात आलेली नसते. ती त्यांच्या हातांना आणि डोळ्यांना पटेपर्यंत १/२, १/४, १/८ असे लेखन फळ्यावर आणू नये, अशी माझी आग्रहाची सूचना आहे, कारण चिन्ह आधी आले की मूल ४ आणि ८ या ओळखीच्या संख्यांची तुलना करते आणि आठवा भाग मोठा ठरवून मोकळे होते.

पूर्वतयारी

प्रत्येक गटासाठी सुमारे २० सेंटिमीटर व्यासाची एक मोठी आणि १० सेंटिमीटर व्यासाची एक लहान गव्हाची चपाती लागेल. लाटलेल्या चपातीवर डब्याचे झाकण दाबून कापल्यास कडा गोल येते, आणि या उपक्रमात कडा गोल असणे फार गरजेचे आहे. तांदळाची भाकरी आपल्याकडे घरोघरी होत असली तरी ती घडीवर तुटते, म्हणून ती येथे घेऊ नये. कणकेत थोडे तेल घालून चपाती पातळ लाटावी, भाजल्यावर स्वच्छ फडक्यात झाकून ठेवावी आणि कोमट असतानाच वर्गात आणावी. गार, कडक चपातीही घडीवर फाटते. मुलांनी आधी साबणाने हात धुवावेत आणि सर्व काम ताटलीतच व्हावे, कारण ही चपाती शेवटी खायची आहे. तिच्यावर पेनाने खुणा करू नयेत.

पट्ट्यांसाठी पांढरा, पिवळा, हिरवा आणि गुलाबी असे चार रंगांचे कागद घ्यावेत. प्रत्येक पट्टी २४ सेंटिमीटर लांब आणि ३ सेंटिमीटर रुंद कापावी. २४ ही लांबी मुद्दाम निवडली आहे, कारण तिचा अर्धा १२, पाव ६ आणि आठवा भाग ३ सेंटिमीटर येतो व चौथीच्या मुलांना मोजपट्टी टेकवून स्वतः पडताळा घेता येतो. पावसाळ्यात दमट हवेने पातळ घोटीव कागद मऊ पडतो आणि घडीची रेघ नीट उमटत नाही. त्या दिवसांत थोडा जाड कागद वापरावा.

पहिला टप्पा : अंदाज

चपात्या वाटण्यापूर्वी शिक्षकांनी विचारावे, “तुला खूप भूक लागली आहे. या मोठ्या चपातीचे चार सारखे भाग करून त्यातला एक देऊ, की आठ सारखे भाग करून त्यातला एक देऊ?” काही मुले “आठवाला” असे ठामपणे सांगतील. या उत्तराला लगेच चूक म्हणू नये. “चार भागांतला एक” आणि “आठ भागांतला एक” असे शब्द फळ्याच्या एका बाजूला लिहून प्रत्येकाखाली किती हात वर झाले तेवढ्या उभ्या रेघा ओढाव्यात व त्या तासिका संपेपर्यंत पुसू नयेत.

दुसरा टप्पा : चपातीच्या घड्या

गटातील एका मुलाने मोठी चपाती ताटलीत ठेवून कडेला कड जुळवत दुमडावी. शिक्षकांनी विचारावे, “दोन्ही भाग सारखे आहेत हे कशावरून?” कडा एकमेकींवर बरोबर बसल्या आणि कोणताही भाग बाहेर आला नाही, असे उत्तर मुलांच्या तोंडून यायला हवे. घडी उघडून बोटाने मधली रेघ दाखवावी आणि सर्वांनी मिळून म्हणावे, “एका चपातीचे दोन सारखे भाग, प्रत्येक भाग अर्धा.”

पुन्हा तीच घडी घालून दुसऱ्या मुलाने टोकाला टोक जुळवत आणखी एकदा दुमडावे. आता हातात घावनाच्या घडीसारखा चौपदरी तुकडा असतो. उघडण्यापूर्वी किती भाग दिसतील असे विचारावे. दोन घड्या घातल्या म्हणून दोन किंवा तीन भाग सांगणारी मुले असतात. त्यांनाच उघडून मोजायला सांगावे. प्रत्येक घडीत भागांची संख्या दुप्पट होते, हे वाक्य शिक्षकांनी सांगू नये. एकाचे दोन झाले, दोनाचे चार झाले, तर पुढे काय होईल, एवढाच प्रश्न पुरेसा आहे.

तिसरी घडी सर्वांत अवघड आहे. चपातीचे आठ पदर एकावर एक आल्यावर बाहेरचा पदर सरकतो आणि रेघा थोड्या वाकड्या येतात. म्हणून तिसऱ्या घडीसाठी चपाती अर्ध्या घडीइतकी उघडून, म्हणजे फक्त दोन पदरी ठेवून, तिच्या दोन पाव भागांना वेगवेगळे दुमडून रेघ उमटवावी. वाकडी रेघ आली तर गटाला विचारावे की यातले कोणते तुकडे सारखे नाहीत. सारखे नसलेले आठ तुकडे म्हणजे आठवे भाग नव्हेत, हे या ठिकाणी जितके स्पष्ट होते तितके पाठ्यपुस्तकातल्या नीटनेटक्या चित्रात होत नाही.

याच टप्प्यावर एखादा गट चपाती लांबट पट्ट्यांसारखी, एकाला एक समांतर रेघांनी दुमडतो. त्याला थांबवू नये. समांतर रेघांमधले अंतर सारखे असले तरी गोल चपातीचा मधला तुकडा लांब आणि कडेचा आखूड, निमुळता येतो. तो तुकडा दुसऱ्यावर ठेवून पाहिला की मुलांना कारण कळते. गोलाचे सारखे भाग करायचे तर प्रत्येक रेघ मध्यातून जावी लागते.

आता शिक्षकांनी रेघांवरून चपाती कापून द्यावी. एक पाव तुकडा तसाच ठेवावा, उरलेल्या चपातीचे आठवे भाग करावेत. मुलांनी आठव्या भागाचा एक तुकडा पाव तुकड्यावर ठेवून पाहावा, मग दुसरा ठेवावा. दोन तुकड्यांनी पाव झाकला जातो. फळ्यावरच्या रेघांकडे बोट दाखवून शिक्षकांनी विचारावे, “आता आपले मत कोणाला बदलायचे आहे?” ज्याला बदलायचे असेल त्याने कारण सांगून स्वतः आपली रेघ खोडावी. “जास्त भाग केले म्हणून तुकडा बारका झाला” एवढे बोली वाक्य पुरे, त्याला पुस्तकी रूप देण्याची घाई नको.

लहान चपाती कशासाठी

तिसरीच्या मुलांसमोर लहान चपाती अर्धी करून तिचा अर्धा भाग मोठ्या चपातीच्या पाव भागाशेजारी ठेवावा. अर्धा हा पावापेक्षा मोठा असायला हवा, आणि येथे तर पावच मोठा दिसतो. मुले गोंधळतात, आणि त्यांना थोडा वेळ गोंधळू द्यावे, कारण संपूर्ण उपक्रमातला हा सर्वांत मोलाचा प्रश्न आहे. २० सेंटिमीटर व्यासाच्या चपातीचा पाव भाग हा १० सेंटिमीटर व्यासाच्या संपूर्ण चपातीएवढा असतो, तेव्हा तिच्या अर्ध्यापेक्षा तो दुप्पट असणारच. “कशाचा अर्धा? कशाचा पाव?” हा प्रश्न मुलांनीच एकमेकांना विचारू लागेपर्यंत पुढे जाऊ नये. तुलना करायची तर मूळ वस्तू सारख्याच आकाराची हवी, हे तत्त्व येथे एकदा पक्के झाले की पट्ट्यांचे काम सोपे जाते.

तिसरा टप्पा : पट्ट्या

पांढरी पट्टी घडी न घालता ‘पूर्ण’ म्हणून ठेवावी. पिवळी एकदा, हिरवी दोनदा आणि गुलाबी तीनदा दुमडून उघडावी. घडीच्या रेघा मोजल्यावर पिवळीवर १, हिरवीवर ३ आणि गुलाबीवर ७ रेघा दिसतात. भाग मात्र २, ४ आणि ८ असतात. रेघा मोजून भाग सांगणाऱ्या मुलाला येथेच सावध करता येते. गोल चपातीवर आठ भागांसाठी मध्यातून जाणाऱ्या ४ रेघा होत्या आणि पट्टीवर ७ आहेत, हे का, असा प्रश्न चौथीच्या मुलांना द्यावा. उत्तर आजच मिळायला हवे असे नाही.

रेघांवर कापून तुकडे पांढऱ्या पट्टीखाली ओळीने मांडावेत आणि गटाने पुढील प्रश्नांची उत्तरे तुकडे हलवून शोधावीत. एका पिवळ्या तुकड्याएवढे होण्यासाठी हिरवे किती लागतील आणि गुलाबी किती? तीन गुलाबी आणि एक हिरवा यांत मोठे कोण, आणि किती गुलाबींनी? पाऊण पट्टी हिरव्या तुकड्यांनी करा, मग तेवढीच पट्टी गुलाबी तुकड्यांनी करा.

उत्तरे : दोन हिरवे, चार गुलाबी, तीन गुलाबी एका गुलाबीने मोठे, तीन हिरवे म्हणजेच सहा गुलाबी.

आता, आणि आताच, शब्दांशेजारी चिन्हे लिहावीत : अर्धा १/२, पाव १/४, आठवा भाग १/८, पाऊण ३/४. खालचा अंक, म्हणजे छेद, पूर्ण वस्तूचे किती सारखे भाग केले ते सांगतो आणि वरचा अंश त्यातले किती घेतले ते सांगतो. त्यानंतर मुलांनी १/२ > १/४ > १/८ हे लिहून प्रत्येक चिन्हाखाली त्या रंगाचा तुकडा वहीत चिकटवावा.

चौथीच्या मुलांसाठी एक जास्तीचे काम आहे. दुसऱ्या एका पूर्ण पट्टीवर आधी एक पिवळा, मग एक हिरवा, मग एक गुलाबी तुकडा लावावा आणि उरलेली जागा पाहावी. १२, ६ आणि ३ मिळून २१ सेंटिमीटर भरतात, म्हणजे शेवटी लावलेल्या तुकड्याएवढीच, ३ सेंटिमीटर जागा शिल्लक राहते. त्या जागेत आणखी एक गुलाबी तुकडा बरोबर बसतो.

पडताळा आणि वाटप

शिक्षकांनी गटागटांत फिरताना दोनच गोष्टींची नोंद करावी : मूल भाग सारखे आहेत का हे तुकडे एकमेकांवर ठेवून पाहते का, आणि तुलना करताना मूळ वस्तू एकच आहे याकडे त्याचे लक्ष असते का. लेखी चाचणीची या दिवशी गरज नाही. एखादे मूल १/८ ला अजूनही मोठे म्हणत असेल तर त्याला फक्त एक गुलाबी आणि एक हिरवा तुकडा देऊन पुढच्या दिवशी शेजारी बसवून बोलते करावे.

शेवटी प्रत्येक गटाने आपली मोठी चपाती चौघांत सारखी वाटावी. प्रत्येकाच्या वाट्याला एक पाव किंवा दोन आठवे भाग येतील. ज्याला अखंड पाव तुकडा मिळाला आणि ज्याला दोन लहान तुकडे मिळाले त्यांनी ते शेजारी ठेवून कोणाला जास्त मिळाले ते ठरवावे, लहान चपातीचे तुकडेही चौघांत सारखे करावेत, आणि मग पोषण आहाराच्या आमटीबरोबर खायला बसावे.