विषय: बुधवारच्या मुलाखतीतील माझ्या एका उत्तराची दुरुस्ती

आदरणीय मॅडम आणि सर,

सप्रेम नमस्कार.

कोल्ड रूम सुपरवायझर पदासाठी बुधवारी आपण माझी मुलाखत घेतली, त्याबद्दल मनापासून आभार. आधीची नोकरी का सोडली, असे मॅडमनी विचारले तेव्हा मी म्हणाले होते, "तिथे शिफ्टची रचना बदलली, म्हणून बाहेर पडले." शिफ्ट बदलल्या होत्या, पण मी त्यामुळे बाहेर पडलेले नाही. मला कामावरून काढण्यात आले. तापमानाच्या रजिस्टरमध्ये मी न पाहिलेला आकडा लिहिला होता, म्हणून. माझ्या अर्जात 'नोकरी सोडण्याचे कारण' या रकान्यात 'वैयक्तिक' असे लिहिले आहे, तेही चूक आहे.

थोडक्यात उत्तर एवढेच. निर्णयासाठी हे पुरेसे असेल तर पुढचे वाचले नाही तरी चालेल. पण ज्या पदासाठी मी आले होते त्या पदाचे निम्मे काम रजिस्टरचेच आहे, तेव्हा नेमके काय झाले हे आपल्याला माझ्याकडूनच कळावे असे वाटते.

मी औषधांच्या एका घाऊक वितरकाकडे ४ वर्षे होते, त्यातली शेवटची २ वर्षे कोल्ड रूमच्या दिवसपाळीची जबाबदारी माझ्याकडे होती. आत मुख्यतः इन्सुलिन आणि लसी, म्हणजे २ ते ८ अंशांचा माल. सकाळी १० आणि दुपारी २ वाजता डिस्प्लेवरचे तापमान पाहून दाराशेजारच्या रजिस्टरमध्ये लिहायचे आणि सही करायची, असा नियम. पुढे रजिस्टर ऑफिसात हलले. आत स्वतंत्र डेटा लॉगर होता, तो दर ५ मिनिटांनी नोंद घ्यायचा.

गेल्या नोव्हेंबरमधल्या एका दिवशी सकाळी मोठा माल आला. साडेअकरा ते सव्वाबारा दार सतत उघडझाप होत होते. दाराला प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा होता. त्यातली एक पट्टी सुटून दार लावताना गॅस्केटमध्ये अडकत होती. दार लागल्यासारखे दिसे, पण बोटभर फट राही. १२.४० ला अलार्म वाजला. माल चढवताना तो नेहमीच वाजतो, या समजुतीने मी तो बंद केला आणि आत जाऊन पाहिले नाही. फटीतून बाहेरची दमट हवा आत जात राहिली, ती कॉइलवर बर्फ होऊन साचली, आणि मग कॉम्प्रेसर चालू असूनही थंड हवा खोलीत फिरेना. हे सगळे मला नंतर तंत्रज्ञाने समजावले. त्या वेळी मी ऑफिसात बिलांच्या तक्रारी सोडवत बसले होते.

२.२० ला लक्षात आले की २ ची नोंद राहिली आहे. रजिस्टर समोर होते, कोल्ड रूम गोदामाच्या दुसऱ्या टोकाला. सकाळी ५.१ होते. मी ५.२ लिहिले, वेळ २.०० घातली आणि सही केली.

लॉगरच्या आलेखात २ वाजता १०.१ होते.

तो आकडा रजिस्टरपुरताच राहिला असता तरी चूक ती चूकच. पण २.३० ला डिस्पॅचवाल्या सहकाऱ्याने नियमाप्रमाणे रजिस्टर पाहिले, ५.२ वाचले, आणि ६ बॉक्स गाडीत भरून रवाना केले. त्याने त्याचे काम चोख केले होते. त्याने ज्याच्यावर विश्वास ठेवला तो आकडा मी मनाने लिहिलेला होता. मला अजूनही सर्वांत जास्त हेच लागते. इन्सुलिन वापरणाऱ्या माणसाला कुपीकडे बघून ती किती वेळ गरम राहिली हे कळत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचेस्तोवर प्रत्येक टप्प्यावर कोणी तरी खरे लिहिले असेल, एवढ्यावरच त्याचा भरवसा असतो.

साडेतीनला मी आत गेले तेव्हा डिस्प्लेवर ११ च्या वर आकडा होता. मी लगेच मॅनेजरना फोन केला, पट्टी काढली, माल हलवायला घेतला. खोली ८ च्या खाली यायला पाच वाजून गेले. म्हणजे साडेचार तासांहून अधिक काळ माल मर्यादेबाहेर होता. सगळ्या बॅचेस क्वारंटाइन केल्या आणि लॉगरचा आलेख उत्पादकांना पाठवला. एका उत्पादकाने आपल्याकडच्या स्थिरता चाचण्यांच्या आधारे माल वापरण्यास हरकत नाही असे कळवले, दुसऱ्याच्या दोन बॅचेस नष्ट कराव्या लागल्या. बाहेर गेलेल्या ६ बॉक्सपैकी ५ त्याच रात्री परत आले, सहावा दुसऱ्या दिवशी सकाळी. एकही उघडलेला नव्हता.

तापमानाचे मी लगेच सांगितले. रजिस्टरचे सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी मॅनेजरनी आलेख आणि रजिस्टर शेजारी ठेवून विचारले, तेव्हा कबूल केले. मुलाखतीतही माझ्याकडून तेच झाले, हे घरी जाताना लक्षात आले आणि म्हणून हे पत्र. आपण विचारण्याआधी सांगायला हवे होते. निदान विचारल्यावर तरी.

चौकशीत मला विचारले की यापूर्वी असे केले आहे का. मी हो म्हणाले. रजिस्टर ऑफिसात हलल्यावर, माल येण्याच्या दिवशी, दुपारची नोंद मी काही वेळा उशिरा, आधीच्या आकड्याच्या अंदाजाने भरली होती. किती वेळा ते मला नक्की सांगता आले नाही. एकदाच चुकले असे इथे लिहिणे सोपे होते, पण ते खरे नाही. कारणे दाखवा नोटीस आली, मी लेखी उत्तर दिले, आणि तीन आठवड्यांनी सेवा समाप्तीचे पत्र मिळाले. त्यात कारण 'तापमान नोंदीत चुकीची माहिती भरणे' असे आहे. चोरी, पैशांचा गैरव्यवहार किंवा कोणाशी भांडण असा कोणताही आरोप नव्हता. देणी पूर्ण मिळाली. कंपनीच्या निर्णयाबद्दल माझी तक्रार नाही. सुटलेल्या पट्टीबद्दल मी आधी दोनदा मेल केला होता, तो चौकशीत जोडला गेला आहे; पण पट्टीमुळे तापमान वाढले, खोटा आकडा पट्टीने लिहिला नाही.

यानंतर ८ महिने झाले. सध्या मी एका लहान वितरकाकडे साठा मोजणीचे अर्धवेळ काम करते, आणि मला का काढले होते हे तिथल्या मालकांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे. नोंदींच्या शुद्धतेची तत्त्वे मी पूर्वी प्रशिक्षणात पाठ केली होती: नोंद कोणी केली ते कळावे, ती वाचता यावी, घडताक्षणी केलेली असावी, मूळ असावी, अचूक असावी. त्यातल्या 'घडताक्षणी' या शब्दाला इतके वजन का आहे हे तेव्हा कळले नव्हते. आता वेळेचा रकाना मी नेहमी शेवटी, घड्याळ पाहून भरते. नोंद राहिली तर 'नोंद राहिली, २.२० ला पाहिले, तापमान अमुक' असे लिहिते. गेल्या आठ महिन्यांत असे तीनदा लिहावे लागले आणि तीनही वेळा कोणीतरी येऊन का राहिली ते विचारले. ते विचारले जाणे मला बरे वाटते.

सरांनी आपल्या दोन कोल्ड रूमबद्दल सांगताना ओघात म्हटले की दोन्हींचे रजिस्टर वरच्या ऑफिसात असते. बुधवारी मी त्यावर काही बोलले नाही, बोलायला हवे होते. माझी निवड होवो वा न होवो, ती दोन रजिस्टरे कृपया ज्याच्या त्याच्या दाराशी, पेनासकट टांगा. रजिस्टर आणि डिस्प्ले यांच्यात जितकी पावले, तितका न पाहता लिहिण्याचा मोह. आणि शक्य असेल तर आठवड्यातून एकदा लॉगरचा आलेख आणि हातची नोंद दुसऱ्याच कोणीतरी शेजारी ठेवून पाहावी. आमच्याकडे हे होत नव्हते. होत असते तर मी पहिल्याच महिन्यात सापडले असते आणि ते सहा बॉक्स बाहेर गेले नसते.

रजिस्टरमधली चूक सुधारताना व्हाइटनर लावत नाहीत. जुन्या नोंदीवर एक रेघ मारतात, खालचे वाचता येईल अशी, आणि शेजारी खरे लिहून सही, तारीख, कारण देतात. माझ्या अर्जाच्या बाबतीतही तसेच करावे अशी विनंती आहे. 'वैयक्तिक' खोडून टाकू नये. त्यावर रेघ मारून शेजारी 'सेवा समाप्ती, तापमान नोंदीत चुकीची माहिती' असे लिहावे आणि हे पत्र सोबत लावावे. प्रत्यक्ष येऊन सही करायला मी तयार आहे.

सेवा समाप्तीचे पत्र आणि माझ्या लेखी उत्तराची प्रत सोबत जोडली आहे. आधीच्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागाशी आणि माझ्या तेव्हाच्या मॅनेजरशी आपण थेट बोलावे, माझी संमती आहे. मॅनेजरना मी काल फोन करून तसे सांगितले. ते म्हणाले, "विचारलं तर जे झालं तेच सांगेन." मी हो म्हणाले.

काही विचारायचे असेल तर रोज दुपारी ३ नंतर मी फोनवर मोकळी असते. सोमवारी आणि मंगळवारी पूर्ण दिवस येऊ शकते.

आपली नम्र,
बुधवारी सकाळी ११ वाजता मुलाखत दिलेली उमेदवार
(पद: कोल्ड रूम सुपरवायझर, दिवसपाळी)

सोबत: १) सेवा समाप्तीचे पत्र, २) कारणे दाखवा नोटिशीला दिलेले लेखी उत्तर