फोनवरून तपासणी करून घेण्याआधी हे वाचा

जांबोटी, कणकुंबी, नंदगड, लोंढा भागातल्या आमच्या पेशंटना सही करण्याआधी हा कागद दिला जातो. घरात कुणाला वाचता येत नसेल तर नर्सबाई तो मोठ्यानं वाचून दाखवतील. घाई करू नका, शंका असेल तिथं थांबवून विचारा.

पावसाळ्यात रस्ते खराब होतात, एसटी वेळेवर येत नाही, आणि नुसता रिपोर्ट दाखवायला खानापूरला यायचं म्हणजे दिवसाचा रोजगार बुडतो. त्यासाठी दुपारी 3 ते 5 या वेळेत आम्ही व्हिडिओ कॉलवर किंवा फोनवर बोलतो. शुगर-बीपीच्या गोळ्यांचा आढावा, रिपोर्ट समजावणं, अंगावरचं पुरळ, जुन्या आजाराची विचारपूस, एवढं यात नीट होतं.

आधी जिवावरच्या गोष्टी

छातीत दुखून घाम फुटणं, तोंड एका बाजूला वाकडं होणं, हातपाय लुळा पडणं किंवा बोबडी वळणं, धाप लागणं, झटके, शुद्ध हरपणं, गरोदरपणात रक्त जाणं, सर्पदंश, तणनाशक किंवा कीटकनाशक पोटात जाणं. यांपैकी काही झालं तर आमच्या कॉलची वाट बघू नका. 108 लावा. रुग्णवाहिका मोफत आहे. ती यायला उशीर होणार असेल तर मिळेल त्या गाडीनं जवळच्या सरकारी दवाखान्यात निघा आणि वाटेत आम्हाला कळवा.

सीमेजवळच्या गावांत मोबाईल कधी पलीकडचा टॉवर पकडतो, म्हणून पहिल्यांदा गाव, तालुका, जिल्हा सांगा. पलीकडून कन्नड आलं तर घाबरून फोन ठेवू नका. एवढं म्हटलं तरी पुरतं: ‘खानापुर तालूकु, आंब्युलन्स कळिसि.’ छातीत दुखत असेल तर ‘एदे नोवु’, साप चावला असेल तर ‘हावु कच्चिदे’.

साप चावलेल्या जागी कापू नका, चोखू नका, दोरी आवळू नका. माणसाला चालवू नका, तो भाग हलू देऊ नका, अंगठी-बांगडी काढा. सापाला मारून आणायची गरज नाही. औषध पोटात गेलं असेल तर उलटी करायला लावू नका, डबा मात्र सोबत घ्या. पक्षाघाताची लक्षणं कधी सुरू झाली ती वेळ लक्षात ठेवा, पुढचे उपचार त्यावर ठरतात.

जगणं नकोसं वाटत असेल तर 14416 हा टेलि-मानसचा नंबर रात्री-अपरात्रीही मोफत चालतो. आम्हालाही सांगा, लाजू नका.

फोनवर काय जमत नाही

पोट दाबून बघता येत नाही, छाती ऐकता येत नाही. डायबेटिसच्या पायाची जखम कॅमेऱ्यात किरकोळ दिसते आणि आतून सडलेली असू शकते. म्हणून ‘आज इकडं या’ म्हटलं तर टाळाटाळ समजू नका. रक्त कमी आहे का हे बघायचं असेल तर दिवसा दारात बसा, खालची पापणी बोटानं ओढून धरा. ट्यूबलाईटखाली रंग फसवतो.

25 मार्च 2020 ला देशात टेलिमेडिसिनचे नियम आले, आम्ही त्यांनुसार चालतो. अमली पदार्थ कायद्यात येणारी औषधं आम्ही फोनवर लिहून देत नाही. झोपेच्या काही गोळ्या त्यातच येतात. ओळखीच्या माणसालाही नाही. औषधाच्या चिठ्ठीवर आमचा नोंदणी क्रमांक आणि सही असते, ती बघूनच दुकानातून औषध घ्या.

तुमची संमती

तुम्ही स्वतः कॉल केलात तर संमती आहे असं नियमानं धरलं जातं. आशाताईंनी किंवा पुण्या-मुंबईच्या मुलानं जोडून दिला तर आम्ही तुम्हालाच विचारू, ‘बोलायला तयार आहात का?’ तुमच्या तोंडून किंवा मेसेजवर होकार आला की तो नोंदवून पुढं जाऊ. नाव, वय, पत्ता विचारू, आणि आम्ही कोण आहोत हे तुम्हीही विचारा. लहान मुलाजवळ मोठं माणूस हवंच. कधीही ‘नको, मी प्रत्यक्ष येतो’ म्हणता येईल. त्यानं इथली वागणूक बदलणार नाही.

गुप्तता

आमच्या बाजूला डॉक्टर आणि नर्सबाई असतात, तिसरं कुणी नाही. आम्ही कॉल रेकॉर्ड करत नाही, तुम्हीही विचारल्याशिवाय करू नका. नोंद 3 वर्षं राहते आणि तुम्हाला तिची प्रत मागता येते.

खरी अडचण बहुतेक वेळा घरातच असते. सून बोलत असते आणि आख्खी ओसरी ऐकत असते. पाळीचा त्रास, मूल न होणं, नवऱ्याची मारहाण, हे अशा वेळी तोंडातून निघत नाही. म्हणून सासूबाई, भाऊजी, आमची विनंती आहे: पेशंटला फोन देऊन थोडा वेळ बाहेर बसा. एकटं बोलायला मिळत नसेल तर ‘नेटवर्क नाही, नंतर करते’ एवढंच म्हणा. आम्ही वेगळी वेळ ठरवू.

रिपोर्टचे फोटो फक्त दवाखान्याच्या नंबरवर पाठवा, गावाच्या ग्रुपवर नको. ओटीपी आम्ही कधीच मागत नाही. आमचं नाव घेऊन कुणी मागितला तर फोन ठेवा आणि आम्हाला कळवा.