नाईन ऑफ पेंटॅकल्स: तुमच्या प्रश्नाचं वाचन

ताई, शनिवारी पाचपाखाडीला तुम्ही टॅरोचा पत्ता उचललात आणि म्हणालात, "हे सगळं लिहून द्या, घरी शांतपणे वाचेन." म्हणून लिहितेय. तुमचा प्रश्न तुमच्याच शब्दांत असा होता: "घटस्फोट झाला, आता पैशाच्या बाबतीत मी खरंच माझ्या पायावर उभी राहीन का?" एकच पत्ता काढला आणि तो सुलट आला, नाईन ऑफ पेंटॅकल्स.

तुमच्या समोर जो पत्ता होता तो 1909 सालच्या रायडर-वेट संचातला, पामेला कोलमन स्मिथ यांनी काढलेला. द्राक्षमळ्यात एक बाई उभी आहे, एकटी. उजवा हात नाण्यांवर टेकलाय, डाव्या हातावर मोजा आणि त्यावर ससाणा. मागे दूर घर दिसतं, पायाशी एक गोगलगाय चाललीय. पेंटॅकल्स म्हणजे पृथ्वीतत्त्व: पैसा, घर, शरीर, हातचं काम.

तुम्ही पत्ता पाहताक्षणी म्हणालात, "ही श्रीमंत दिसते, मी कुठे?" तिच्याआधीचा पत्ता आठवा. आठ पेंटॅकल्समध्ये एक कारागीर बाकावर बसून एकेक नाणं ठोकतोय. नऊतली बाई त्या बाकावरून उठून आलेली आहे. ऐरोलीच्या कंपनीत अकाउंट्स सांभाळण्यात तुमची अकरा वर्षं गेली. पगार घरखर्चात गेला, गुंतवणुकीचे पासवर्ड दुसऱ्याकडे राहिले, पण काम तुम्हीच केलंत. "उभी राहीन का?" याला माझं उत्तर हो असं आहे, आणि ते या अकरा वर्षांवरून देतेय. पोटगीची रक्कम त्यानंतर येते.

मळ्याकडे नीट बघा. आपल्या नाशिककडे द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या खरड छाटणीत वेल इतका उघडा करतात की बघवत नाही, आणि त्या छाटणीला घड येत नाहीत. तिथून ज्या काड्या तयार होतात, त्यांवर ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर माल धरतो. तुमचं हे वर्ष खरड छाटणीचं आहे. या वर्षात शिल्लक वाढली नाही म्हणून हरल्यासारखं वाटून घेऊ नका.

आता ससाणा. त्याच्या डोळ्यांवर टोपी आहे. तो शिकारी पक्षी आहे, पण ती म्हणेल तेव्हाच उडतो. मला हा पत्त्याचा गाभा वाटतो, आणि तुमच्या बाबतीत तर फारच. एकरकमी पोटगी हातात आहे, भाऊ म्हणतोय उलव्यात फ्लॅट बुक करून टाक, मैत्रीण शेअर सुचवतेय. दोघांची माया खरी आहे. तरीही टोपी इतक्यात काढू नका. सहा महिन्यांचा खर्च, मुलीच्या फीसकट, बाजूला काढा. उरलेल्या रकमेच्या लहान लहान एफडी करा आणि पुढच्या दिवाळीपर्यंत कुणालाही हो म्हणू नका. गोगलगाय पत्त्यात उगाच नाही.

मळ्याला कुंपणही लागतं. घोडबंदरच्या घराचं कर्ज अजून दोघांच्या नावावर आहे असं तुम्ही बोलता बोलता सांगितलंत. हप्ते तुमचे पूर्वीचे पती भरणार असं कोर्टाच्या कागदात असलं तरी बँकेशी झालेला करार वेगळा असतो. बँक लेखी तुमचं नाव काढत नाही तोवर तुम्ही सहकर्जदारच, आणि त्यांचा हप्ता चुकला तर तुमचाही क्रेडिट स्कोअर पडतो. हे वकीलबाईंना या आठवड्यातच विचारा. बँक खातं, पीएफ, विमा यांवरचे नॉमिनीही तपासा. हा भाग पत्त्यापेक्षा माझ्या काळजीतून जास्त आलाय, पण तो गाळून वाचन पूर्ण झालं असतं असं मला वाटत नाही.

तुमच्या आईंना पत्रिकेतलं कळतं, त्यांनी विचारलं तर सांगते. गोल्डन डॉन या पाश्चात्त्य गूढविद्येच्या परंपरेत हा पत्ता कन्येतल्या शुक्राचा. आपल्याकडे कन्येत शुक्र नीचेचा, म्हणून त्या दचकतील. मी इथे तो असा वाचते: सुख हवंय, आणि ते हिशेबाच्या वहीतून येणार आहे. त्या बाईच्या अंगावर फुलांचा झगा आहे, ताई. आवडीची साडी घेताना किंवा गडकरीला नाटक पाहताना अपराधी वाटू देऊ नका. महिन्याला थोडी रक्कम त्यासाठी ठरवूनच ठेवा.

एकटेपणाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्त्यातल्या त्या एकटीकडे बराच वेळ बघत होतात. पुढचा पत्ता दहा पेंटॅकल्स, त्यात आजोबा, लेकरू, कुत्री, भरलेलं अंगण आहे. नऊ हा मधला मुक्काम आहे, आणि तिथे किती राहायचं हे तुम्ही ठरवायचं.

पत्ता किती पैसे येतील हे सांगत नाही, आणि मीही सांगणार नाही. बँकेचं उत्तर लेखी आलं की कळवा. कळव्याला भाड्याने घ्यायचं की आईंकडे नौपाड्यातच राहायचं, त्यासाठी तेव्हा वेगळा पत्ता काढू.