नमुना १-अ : वाहनचालक अर्जदाराचे वैद्यकीय प्रमाणपत्र (पुरवणी टिपणासह)

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार. अर्जदाराचे वय ४० वर्षांपेक्षा अधिक असल्याने नूतनीकरणासाठी आवश्यक.

सादर करण्याचे कार्यालय : प्रादेशिक परिवहन कार्यालय, नागपूर पूर्व (एमएच-४९)
तपासणी दिनांक : ११ जून २०२५
तपासणीचे ठिकाण : खासगी दवाखाना, सक्करदरा, नागपूर

अर्जदार

नाव : सुरेश महादेव ठाकरे
वय : ५६ वर्षे (जन्म १९६९)
राहणार : नंदनवन, नागपूर
व्यवसाय : संत्र्याचा घाऊक व्यापार, कळमना बाजार
लायसन्सचा प्रकार : हलके मोटार वाहन, खासगी. नूतनीकरण.
ओळखीच्या खुणा : डाव्या भुवईवर जुन्या जखमेचा व्रण, उजव्या हाताच्या पंज्यावर तीळ.
छायाचित्र चिकटवले असून त्यावर अर्धा शिक्का मारला आहे. ओळख मूळ आधार कार्डावरून पटवली.

तपासणी

१. दृष्टिदोष आहे काय? असल्यास चष्म्याने सुधारला आहे काय?
आहे, सुधारला आहे. चष्म्याविना उजवा डोळा ६/१२, डावा ६/९. चष्म्यासह दोन्ही ६/६. वाहन चालवताना चष्मा सक्तीचा.

२. लाल आणि हिरवा रंग सहज ओळखतो काय?
होय. इशिहारा तक्ते न अडखळता वाचले.

३. चांगल्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीच्या नंबरप्लेटचे अक्षर ओळखू येते काय?
होय, चष्म्यासह. दवाखान्यासमोर उभ्या असलेल्या गाडीवर अंतर मोजून पाहिले.

४. नेहमीचे ध्वनिसंकेत ऐकू येणार नाहीत इतका बहिरेपणा?
नाही.

५. रातांधळेपणा?
नाही. पहाटे चारला कळमन्याला जाताना समोरच्या दिव्यांचा त्रास होतो का, हे मुद्दाम विचारले. होत नाही म्हणतात.

६. हात, पाय, सांधे यांत वाहन चालवण्यात अडथळा येईल असा दोष वा व्यंग?
नाही. मधुमेहामुळे पाय वेगळे तपासले. तपशील पुरवणी टिपणात.

७. रक्तगट (ऐच्छिक) : बी पॉझिटिव्ह.

८. प्रतिक्रियेचा वेळ, बाजूची दृष्टी, झगमगाटानंतर नजर सावरणे (धोकादायक माल वाहणाऱ्यांसाठी) :
लागू नाही. तरी बाजूची दृष्टी समोरासमोर बसून तपासली. दोन्ही बाजूंना पुरेशी आहे.

पुरवणी टिपण : मधुमेह

छापील नमुन्यात मधुमेहाचा स्वतंत्र रकाना नाही. अर्जदार २०१६ पासून माझ्याकडे उपचार घेत आहेत. त्यांच्या केसपेपरवरून पुढील नोंदी उतरवल्या आहेत.

निदान : टाइप २ मधुमेह, ऑगस्ट २०१६. इन्सुलिन कधीही लागले नाही.

सध्याची औषधे : मेटफॉर्मिन ५०० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा, सिटाग्लिप्टिन १०० मि.ग्रॅ. सकाळी एकदा. यांपैकी कोणत्याही गोळीने एकटी घेतल्यास वा या जोडीने शुगर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याची शक्यता फारच कमी.

एचबीए१सी : फेब्रुवारी २०२३ : ६.४, ऑगस्ट २०२३ : ७.०, जून २०२४ : ६.९, मे २०२५ : ६.८ टक्के.

वरच्या ओळीत सर्वात सुरेख दिसणारा आकडा ६.४ आहे आणि वाहन चालवण्याच्या दृष्टीने तोच सर्वात वाईट काळ होता. तेव्हा अर्जदार मेटफॉर्मिनसोबत ग्लिमेपिराइड घेत होते. १८ फेब्रुवारी २०२३ रोजी महाशिवरात्रीचा उपास होता. सकाळी गोळी घेतली, पोटात फक्त चहा, आणि अकराच्या सुमारास कळमन्यात मालाचा लिलाव चालू असताना दरदरून घाम फुटला, हात थरथरले. शेजारच्या अडत्याकडे ग्लुकोमीटर होता. त्यावर शुगर ६१ निघाली. साखरपाणी व केळी घेतल्यावर पंधरावीस मिनिटांत बरे वाटले. बेशुद्धी नाही, गाडी चालवत नव्हते. घरी मुलाने नेले. २१ फेब्रुवारीला दाखवायला आले तेव्हा ग्लिमेपिराइड बंद करून सध्याची गोळी सुरू केली.

त्यानंतर आजतागायत तसा प्रसंग नाही. हे केवळ त्यांच्या सांगण्यावर लिहिलेले नाही. त्यांच्या ग्लुकोमीटरच्या मेमरीतले गेल्या तीन महिन्यांचे आकडे मी स्वतः चाळले. सर्वात कमी नोंद ८८ आहे. उपाशीपोटी बहुतेक १०५ ते १२५ दरम्यान, जेवणानंतर दोन तासांनी १४० ते १६५.

शुगर उतरल्याची जाणीव त्यांना होते. २०२३ मध्ये घाम आणि थरथर वेळीच ओळखली होती. हृदयाचे ठोके मंदावणारे वा ही लक्षणे झाकणारे औषध ते घेत नाहीत. दारू घेत नाहीत.

डोळ्यांचा पडदा : ३ जून २०२५ रोजी बाहुली मोठी करून नेत्रतज्ज्ञांनी तपासला. मधुमेही पडदादोष नाही. मोतीबिंदू अगदी सुरुवातीचा, नजरेला बाधा नाही.

पाय : दोन्ही तळव्यांवर १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट प्रत्येक ठिकाणी जाणवला, १२८ हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कचे कंपन अंगठ्यांवर कळते, पावलांच्या नाड्या लागतात. जखम नाही. ब्रेक आणि ॲक्सिलरेटरवर पाय नेमका कुठे आहे हे न पाहता कळणे ही चालकाची गरज. ती पुरी होते. उजव्या टाचेला भेगा आहेत, त्याचे मलम वेगळे लिहून दिले.

रक्तदाब १२८/८० (औषधाविना). ईसीजी सामान्य. क्रिएटिनिन ०.९, लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर १४ मि.ग्रॅ. प्रति ग्रॅम, मर्यादेत.

नमुना १ मधील स्वघोषणेबाबत : शुद्ध हरपणे वा अचानक चक्कर येणे या प्रश्नाला अर्जदाराने ‘नाही’ लिहिले आहे. २०२३ ची घटना आठवून दिल्यावर म्हणाले, “मॅडम, चक्कर कुठं आली होती? घाम फुटला होता बस.” त्यांचे म्हणणे माझ्या केसपेपरशी जुळते आणि आज तसा त्रास नाही, म्हणून उत्तर बदलायला लावले नाही. मात्र घटना लपवली असे पुढे कुणी म्हणू नये, यासाठी ती वर तारखेसह लिहिली आहे. हे टिपण अर्जासोबत जोडण्यास अर्जदाराची संमती आहे. त्यांनी खाली सही केली आहे.

अर्जदारास दिलेल्या सूचना : काटोलकडे बागा पाहायला निघण्याआधी काहीतरी खाऊन निघणे, उपासाच्या दिवशी शक्यतो मुलाला गाडी चालवू देणे. गाडीत ग्लुकोज पावडरची पुडी ठेवणे; चॉकलेट नको, नागपूरच्या उन्हात बंद गाडीत त्याचे पाणी होते. शुगरच्या पट्ट्या मात्र गाडीत ठेवायच्या नाहीत, त्या उष्णतेने खराब होऊन चुकीचा आकडा दाखवतात. घाम वा थरथर जाणवल्यास गाडी कडेला घेणे, ग्लुकोज घेणे, शुगर पुन्हा मोजून ती सावरल्यावरही पाऊण तास थांबूनच निघणे. औषधात इन्सुलिन वा ग्लिमेपिराइडसारखी गोळी नव्याने आली, तर गाडी चालवण्याबाबत आधी मला विचारणे.

प्रमाणपत्र

मी प्रमाणित करते की, मी अर्जदार सुरेश महादेव ठाकरे यांची प्रत्यक्ष तपासणी केली आहे. तपासताना दूरची नजर, श्रवणशक्ती, तसेच दोन्ही हात, पाय व सांध्यांची स्थिती यांकडे विशेष लक्ष दिले आहे. माझ्या समजुतीप्रमाणे अर्जदार हलके खासगी मोटार वाहन चालवण्याचे लायसन्स धारण करण्यास वैद्यकीयदृष्ट्या योग्य आहेत. अट : चष्मा लावून.

लायसन्सची मुदत कार्यालय ठरवेल. पण डोळ्यांचा पडदा, पाय आणि एचबीए१सी यांची तपासणी दर वर्षी करावी, असे माझे मत आहे. पुढील तपासणी जून २०२६.

डॉ. वंदना देशमुख, एम.बी.बी.एस., एम.डी. (मेडिसिन)
सही व नोंदणी क्रमांकासह शिक्का मूळ प्रतीवर उमटवला आहे.

अर्जदाराची सही : सु. म. ठाकरे
नागपूर, ११ जून २०२५