नाव बदलल्याबाबत खुलासा: वैशाली दत्तात्रय शिंदे आणि मृण्मयी सागर जगताप ही एकच व्यक्ती

पुणे, २२ जुलै २०२४

प्रति,
पडताळणी अधिकारी (शिक्षण व पूर्वीची नोकरी)

सप्रेम नमस्कार,

शुक्रवारी आपला फोन आला. माझ्या पहिल्या कंपनीने 'मृण्मयी जगताप नावाची कर्मचारी आमच्याकडे नव्हती' असे कळवल्याचे आणि त्यामुळे रिपोर्टमध्ये डिस्क्रेपन्सी दाखवावी लागेल, असे आपण सांगितले. खुलासा मराठीत लिहिला तरी चालेल असेही म्हणालात, म्हणून हे पत्र.

कंपनीचे उत्तर त्यांच्या रेकॉर्डप्रमाणे बरोबर आहे. मी तिथे होते तेव्हा माझे नाव वैशाली दत्तात्रय शिंदे होते. ११ डिसेंबर २०१६ रोजी लग्न झाले आणि वडिलांच्या नावाच्या जागी पतीचे नाव आले, आडनाव बदलले. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे ताटातल्या तांदळात अंगठीने माझे नवे नावही लिहिले गेले आणि तेच मी पुढे कागदोपत्री घेतले. त्यामुळे नावाचे तिन्ही भाग वेगळे दिसतात. फक्त आडनाव बदललेल्या उमेदवाराची ओळख पटायला निदान पहिले नाव तरी हाताशी असते, इथे तेही नाही, म्हणून आपली शंका मला रास्त वाटते.

नावबदल महाराष्ट्र शासन राजपत्र, भाग दोन, गुरुवार ते बुधवार, मार्च १६-२२, २०१७ या अंकात प्रसिद्ध झाला आहे. जुने आणि नवे नाव असलेले ते पान, विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र सोबत जोडले आहे.

आता कोणत्या कागदावर कोणते नाव आहे ते सांगते. दहावी (२००७) आणि बारावी (२००९), दोन्ही कोल्हापूर विभागीय मंडळ, तसेच अभियांत्रिकीची पदवी (२०१३): सगळीकडे वैशाली शिंदे. दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी 'ए' नाही, पदवीवर आहे. तेवढा फरक आपल्याला दिसेलच. पदवी प्रमाणपत्रावर 'पुणे विद्यापीठ' आहे आणि अर्जात मी 'सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ' लिहिले आहे. विद्यापीठाचा नामविस्तार २०१४ मध्ये झाला, माझे प्रमाणपत्र त्याआधीचे. विद्यापीठ एकच आहे.

पहिल्या नोकरीचे (जुलै २०१३ ते नोव्हेंबर २०१६) रिलीव्हिंग लेटर आणि फॉर्म १६ जुन्या नावाने आहेत. त्या कंपनीकडे कृपया 'वैशाली शिंदे' या नावाने आणि रिलीव्हिंग लेटरवरच्या कर्मचारी क्रमांकाने पुन्हा विचारावे.

सगळ्यात उपयोगी पडेल ती दुसरी कंपनी. तिथे मी २ जानेवारी २०१७ ला रुजू झाले, म्हणजे लग्नानंतर, पण गॅझेटच्या आधी. त्यामुळे अपॉइंटमेंट लेटर जुन्या नावाने आणि जून २०२४ चे रिलीव्हिंग लेटर नव्या नावाने आहे. मे २०१७ मध्ये त्यांच्या एचआरने नाव बदलून घेतल्याचे पत्र दिले होते, त्यात दोन्ही नावे आणि एकच कर्मचारी क्रमांक आहे. साडेसात वर्षे त्यांनी मला दोन्ही नावांनी ओळखले आहे, तेव्हा खात्री करायची तर आधी त्यांच्याकडे करावी.

पॅन क्रमांक पहिल्या नोकरीपासून आजपर्यंत तोच आहे, फक्त कार्डावरचे नाव बदलले. भविष्य निर्वाह निधीचा यूएएनही दोन्ही कंपन्यांत एकच आहे. संयुक्त घोषणापत्र देऊन २०१८ मध्ये तिथले नाव दुरुस्त करून घेतले. जन्मतारीख आणि आईचे नाव दहावीच्या गुणपत्रिकेपासून कुठेही बदललेले नाही.

एक गोष्ट फोनवर सांगायची राहिली. कायमचा पत्ता म्हणून मी वाईचे माहेरचे घर दिले आहे. आपला माणूस तिथे गेला आणि गल्लीत 'मृण्मयी' म्हणून विचारले, तर कुणाला कळणार नाही. तिथे मी अजून वैशालीच आहे, आई-अण्णासुद्धा तीच हाक मारतात. कृपया त्याला 'दत्तात्रय शिंदे यांची मुलगी वैशाली' असे विचारायला सांगावे. अण्णांचे वय ७१ आहे. अनोळखी माणसाने दारात येऊन 'या नावाची मुलगी तुमचीच का' असे दरडावून विचारले तर ते घाबरतील, म्हणून जाण्याआधी मला एक फोन करावा.

अर्जातल्या 'पूर्वीचे नाव' या रकान्यात मी फक्त 'शिंदे' लिहिले होते. पूर्ण नाव लिहायला हवे होते, ती चूक माझी आहे. दुरुस्त केलेला अर्ज सोबत पाठवते आहे.

रिपोर्टमध्ये डिस्क्रेपन्सीऐवजी 'नाव बदलले, पुरावे तपासले' अशी नोंद व्हावी, ही कळकळीची विनंती. मला ५ ऑगस्टला रुजू व्हायचे आहे आणि नवी कंपनी रिपोर्टचा रंग आधी बघते. मूळ कागद बघायचे असतील तर सांगाल त्या दिवशी घेऊन येईन.

आपली विश्वासू,
मृण्मयी सागर जगताप
(पूर्वीचे नाव: वैशाली दत्तात्रय शिंदे)