इन्सुलिन घरी कसे घ्यायचे: ३०/७० इन्सुलिन बाटली व सिरिंजने घेणाऱ्या नव्या रुग्णांसाठी

मधुमेह बाह्यरुग्ण विभाग. घरी मोठ्याने वाचून घ्या. सुई टोचायला घरातले दुसरे कोणी मदत करणार असेल, तर त्यांनीही वाचावे.

तुमचा डोस: सकाळी नाश्त्याआधी १४ युनिट, रात्री जेवणाआधी ८ युनिट. दोन्ही वेळा खाण्याच्या अर्धा तास आधी. इंजेक्शन घेतले आणि मग भाजी टाकायला घेतली, असे नको. स्वयंपाक होत आला की मगच सुई टोचा.

आधी बाटली आणि सिरिंजची जोडी जुळवा

तुमच्या बाटलीवर ४० हा आकडा छापलेला आहे, म्हणजे एका मिलीत ४० युनिट. तिला लाल टोपणाचीच, ४० ची सिरिंज लागते. नारिंगी टोपणाची सिरिंज १०० ची असते. दिसायला दोन्ही सारख्याच, आणि घाईत दुकानदार कोणतीही देऊ शकतो. नारिंगी सिरिंजमध्ये १४ च्या खुणेपर्यंत भरले, तर अंगात सहा युनिटसुद्धा जात नाहीत आणि शुगर का उतरत नाही हे कोणालाच कळत नाही. उलट चूक जास्त घातक आहे: पेनमधले १०० चे इन्सुलिन लाल सिरिंजने १४ पर्यंत ओढले, तर ३५ युनिट जातात. म्हणून औषधाच्या दुकानातून हलण्यापूर्वी आकडा आणि टोपणाचा रंग बघा. तुमच्या लाल सिरिंजवर एक बारीक रेघ म्हणजे एक युनिट. चष्मा लागत असेल तर तो लावूनच भरा.

इन्सुलिन भरणे

१. साबणाने हात धुवा. आंघोळ करायची असेल तर ती आधी उरका. टोचल्यावर लगेच गरम पाणी अंगावर घेतले की इन्सुलिन नेहमीपेक्षा लवकर रक्तात उतरते.

२. बाटली फ्रिजमधली असेल तर थोडा वेळ आधी बाहेर काढा. गार इन्सुलिन जास्त झोंबते.

३. बाटली दोन्ही तळव्यांत धरून दहा वेळा हलकेच फिरवा, मग दहा वेळा खाली-वर उलटी करा. खळखळून हलवू नका, फेस होतो. इन्सुलिन दुधासारखे एकसारखे पांढरे दिसले पाहिजे. गुठळ्या असतील किंवा काचेला कण चिकटलेले असतील, तर ती बाटली वापरू नका.

४. बाटलीचे रबर स्पिरिटच्या बोळ्याने पुसून वाळू द्या. सिरिंजमध्ये डोसाइतकीच हवा ओढा, सकाळी १४ च्या रेघेपर्यंत. सुई रबरात घालून ती हवा बाटलीत सोडा.

५. सुई आत ठेवूनच बाटली उलटी करा आणि इन्सुलिन ओढा. बुडबुडा दिसला तर सिरिंजला टिचकी मारा, तो वर आला की परत बाटलीत ढकला आणि पुन्हा बरोबर रेघेपर्यंत भरा. बुडबुडा टोचला गेला तरी अपाय होत नाही, पण तेवढे इन्सुलिन कमी जाते.

टोचणे

कपड्यावरून टोचू नका. जागा स्वच्छ असेल तर स्पिरिटची गरज नाही; लावलेच तर पूर्ण वाळू द्या, ओल्या स्पिरिटवर सुई चरचरते.

आता चिमटी. इन्सुलिन कातडीखालच्या चरबीत जायला हवे, स्नायूत नाही. अंगठा आणि तर्जनी, फार तर मधले बोट, एवढ्यांनीच कातडी उचला. पाची बोटांनी मूठभर मांस धरले तर खालचा स्नायूही वर येतो. चिमटी इतकी घट्टही नको की कातडी पांढरी पडेल किंवा दुखेल. सुई सरळ आत घाला. अंगाने बारीक असलेल्यांनी ती तिरपी घालावी. तुम्ही कशी घालायची ते आज सिस्टरांनी करून दाखवले आहे, तशीच घाला.

मागचा दांडा सावकाश पूर्ण दाबा, पाच आकडे मोजा, सुई बाहेर काढा आणि मगच चिमटी सोडा. चोळू नका. रक्ताचा एखादा थेंब आला तर कापसाने नुसते दाबून धरा. त्यासाठी पुन्हा डोस घ्यायचा नाही.

जागा रोज बदलायची

सगळ्यात जास्त हयगय इथेच होते. एकाच जागी टोचत राहिले की तिथली चरबी फुगून रबरासारखी गाठ होते. गाठीवर सुई कमी दुखते, म्हणून हात आपोआप तिथेच जातो आणि गाठ वाढत राहते. तिच्यातून इन्सुलिन कधी कमी झिरपते, कधी एकदम. डोस तोच, जेवण तेच, तरी शुगर आज २८० आणि उद्या ६५, असे दिसले की आम्ही आधी पोट चाचपून बघतो.

सकाळचे इंजेक्शन पोटावर, कारण तिथून इन्सुलिन लवकर उतरते आणि नाश्त्याला उपयोगी पडते. रात्रीचे मांडीवर, कारण तिथून ते सावकाश उतरते आणि झोपेत शुगर खाली जाण्याची भीती कमी होते. ही अदलाबदल मनाने करू नका.

पोट: बेंबीच्या चारही बाजूंनी दोन बोटे जागा सोडा. उरलेल्या पोटाचे चार भाग धरा: उजवा वरचा, डावा वरचा, डावा खालचा, उजवा खालचा. एक आठवडा एकच भाग. त्या भागात रोजची सुई कालच्या जागेपासून किमान एक बोट लांब. सोमवारी पुढच्या भागात जा.

मांडी: जांघेपासून आणि गुडघ्यापासून एकेक वीत सोडून, मधल्या पट्ट्यात पुढची आणि बाहेरची बाजू. आतली बाजू नको. एक आठवडा उजवी, पुढचा आठवडा डावी. इथेही रोज एक बोट सरकायचे.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर सोमवारच्या चौकोनात त्या आठवड्याचा भाग लिहून ठेवा: "पोट उजवे वर, मांडी डावी". लक्षात राहील म्हणणाऱ्यांचे लक्षात राहत नाही. दंडावर सध्या टोचू नका. एका हाताने चिमटी धरणे आणि टोचणे जमत नाही.

महिन्यातून एकदा आडवे पडून, बोटांना साबण लावून पोट आणि मांड्या चाचपा. टणक किंवा फुगीर लागले तर ती जागा सोडायची आहे, पण आधी आम्हाला दाखवा. गाठीवरून चांगल्या जागेवर आल्यावर तोच डोस जास्त लागू पडू शकतो, म्हणून आम्हाला न सांगता जागा बदलू नका.

बाटली आणि सुया

न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, पण फ्रीझरमध्ये कधीच नाही; गोठलेले इन्सुलिन वाया गेले म्हणून समजा. फ्रिज नसेल तर बाटली प्लास्टिकच्या घट्ट डबीत घालून, सावलीतल्या पाणी भरलेल्या माठात ठेवा. गाडीच्या डिकीत किंवा उन्हातल्या पिशवीत ठेवू नका. उघडल्याची तारीख लेबलवर लिहा, चार आठवड्यांनी उरलेले टाकून द्या.

सुई एकदाच वापरायची. वापरलेली सिरिंज जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बाटलीत टाका. घंटागाडीत टाकू नका, कचरा उचलणाऱ्याच्या हाताला टोचते. बाटली भरली की इथे आणून द्या.

शुगर खाली गेली तर

घाम, थरथर, छातीत धडधड, अचानक भूक, चिडचिड. शक्य असेल तर तपासा. ७० च्या खाली असेल, किंवा तपासायची सोय नसेल, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, तरीही कमी असेल तर पुन्हा तेवढीच साखर. बरे वाटल्यावर काहीतरी खा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

संकष्टी, एकादशी, रोजा असेल किंवा उलट्यांमुळे जेवण जात नसेल, तर डोस बदलावा लागतो, आधी विचारा. एखादा डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका. फोन नंबर केसपेपरच्या मागे शिक्का मारलेला आहे.

पुढच्या गुरुवारी सकाळी ९ वाजता या. बाटली, सिरिंज आणि शुगरची वही बरोबर आणा. इंजेक्शन घरी घेऊ नका आणि नाश्ता डब्यात आणा. आमच्यासमोर तुमच्याच हाताने टोचायचे आहे.