कोर्ट कमिशनर नेमून वादातील भिंतीची पाहणी व मोजणी होणेबाबत अर्ज

मे. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, वाई यांचे न्यायालयात
रे. मु. नं. 84/2023

सुमन दत्तात्रय गोडसे … वादी
विरुद्ध
विलास रामचंद्र गोडसे … प्रतिवादी

दिवाणी प्रक्रिया संहिता 1908, आदेश 26 नियम 9 अन्वये वादीचा अर्ज येणेप्रमाणे –

1. सदरचा दावा वादीने अतिक्रमण दूर होऊन कब्जा मिळणेसाठी व निरंतर मनाईसाठी दाखल केला आहे. वादीची मिळकत सि.स.नं. 1127 असून तिच्या पश्चिमेस लागून प्रतिवादीची सि.स.नं. 1128 आहे.

2. दोन्ही मिळकतींमधील जुनी दगडमातीची सामाईक भिंत जुलै 2022 च्या पावसात पडली. प्रतिवादीने मार्च 2023 मध्ये तेथे विटांची नवी भिंत बांधली. तिची लांबी सुमारे 15.20 मीटर आहे. उत्तर टोकाला ती जुन्या पायावरच उभी आहे, याबद्दल वादीची तक्रार नाही. मात्र दक्षिणेकडे येताना ती तिरपी होत वादीच्या हद्दीत शिरली असून शेवटी सुमारे 45 सेंमी आत आली आहे. तेथे जुन्या पायाचे तीन घडीव दगड नव्या भिंतीच्या पश्चिमेस, म्हणजे प्रतिवादीच्या अंगणात, आजही उघडे दिसतात. ही मापे वादीने टेपने आपल्या बाजूने घेतलेली आहेत. पलीकडे जाऊन मोजण्यास प्रतिवादी मज्जाव करतात.

3. भिंत जुन्या पायावरच बांधली, असे प्रतिवादीचे कैफियतीत कथन आहे. दोन्ही पक्षांनी कितीही साक्षीदार तपासले तरी भिंत नेमकी कुठे आहे हे नगर भूमापन नकाशाशी ताडून मोजल्याशिवाय ठरणार नाही. कब्जा कोणाचा, हे कमिशनरकडून ठरवून घेण्याचा किंवा पुरावा गोळा करण्याचा वादीचा हेतू नाही. मिळकत पत्रिका व नकाशाची नक्कल वादीने यादीसोबत हजर केली आहे.

4. प्रतिवादीने अंगणात फरशी बसवण्यासाठी खडी व वाळू आणून टाकली आहे. एकदा फरशी बसली की ते तीन दगड गाडले जातील आणि जुन्या पायाची जागेवरची खूण कायमची जाईल. म्हणून पुराव्याची वाट न पाहता आताच हा अर्ज देणे भाग पडले.

सबब विनंती की, उप अधीक्षक, भूमी अभिलेख, वाई यांचे कार्यालयातील भूमापकास कोर्ट कमिशनर नेमावे. उभय पक्षांना आगाऊ नोटीस देऊन त्यांनी दोन्ही मिळकती मूळ नकाशाप्रमाणे मोजाव्यात, भिंतीची लांबी, जाडी व दोन्ही टोकांचे हद्दीपासूनचे अंतर घ्यावे, जुन्या पायाचे दगड नकाशात दाखवून त्यांचे फोटो घ्यावेत आणि अतिक्रमण आढळल्यास त्याचे क्षेत्र नमूद करून अहवाल व नकाशा न्यायालयात सादर करावा. मोजणी होईपर्यंत जागेच्या स्थितीत बदल न करण्याचा प्रतिवादीस हुकूम व्हावा. मोजणी फी व कमिशनरचा खर्च न्यायालय ठरवील त्याप्रमाणे वादी प्रथम भरण्यास तयार आहे.

येणेप्रमाणे अर्ज असे.

वाई
दि. 12/06/2024
(सही) सुमन दत्तात्रय गोडसे, वादी

सत्यापन : वर कलम 1 ते 4 मध्ये लिहिलेला मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा व बरोबर आहे. तो वाचून, समजून मी आज वाई येथे सही केली आहे.
(सही) सुमन दत्तात्रय गोडसे